एक कोटी नोंदी, तीन पातळ्या: डेटाबेसचा इंडेक्स बायनरी ट्री का नसतो?

वेदवती

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला एक प्रश्न विचारते आहे.

कॉलेजात आम्हाला बायनरी सर्च ट्री, मग एव्हीएल, मग रेड-ब्लॅक असं क्रमाने शिकवलं. शेवटच्या आठवड्यात बी-ट्री आला. "डेटाबेसमध्ये हाच वापरतात, कारण डिस्क" एवढं सांगून सर पुढे गेले. आता नोकरीत रोज पोस्टग्रेसशी गाठ पडते आणि तो प्रश्न पुन्हा डोकं वर काढतो. तोल सांभाळणाऱ्या बायनरी ट्रीत शोधायला O(log n) लागतं, बी-ट्रीतही O(log n) च लागतं. लॉगचा पाया २ असो की ३००, फरक फक्त एका स्थिरांकाचा. मग पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट, ओरॅकल या सगळ्यांनी बी-ट्रीच का धरला? स्थिरांकासाठी एवढा खटाटोप?

माझ्या कामातल्या मुख्य टेबलात साधारण एक कोटी नोंदी आहेत. त्याच आकड्यावर कोणी समजावलं तर फार बरं होईल.

---

सौरभ

सोपं आहे. बायनरी ट्रीत एका नोडमध्ये एकच की असते, म्हणून एक कोटी नोंदींना २४ तुलना कराव्या लागतात. बी-ट्रीत एका नोडमध्ये तीनशे कीज असतात, म्हणून तीनच तुलनांत काम होतं. तुलना कमी म्हणून वेळ कमी.

आणि हे सगळं जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या काळातलं. आता एसएसडी आल्यावर त्याची खरं तर गरज उरलेली नाही, सवयीने चालू आहे.

---

नीरज

सौरभ, तीन तुलना कशा होतील? तीनशे कीजच्या नोडमध्ये पोचल्यावर त्या तीनशेतली योग्य जागा शोधावीच लागते ना? त्या क्रमाने लावलेल्या असतात म्हणून बायनरी सर्च करता येतो, पण त्यालाही आठ-नऊ तुलना लागतात. तीन नोडच्या मिळून पुन्हा तेवीस-चोवीसच झाल्या. तुलनांच्या बाबतीत दोघांत काडीचा फरक नाही.

मी सी++ मध्ये काम करतो. आमच्याकडे `std::map` सहसा रेड-ब्लॅक ट्री असतो आणि त्याचं कोणाचं काही अडत नाही. त्यामुळे वेदवतीचा प्रश्न मलाही पडतो.

---

अरविंद म.

नीरजचं बरोबर आहे, आणि उत्तराची सुरुवात तिथूनच होते. तुलना वाचत नाहीत. वाचतात त्या डिस्कवर मारायच्या उड्या.

आधी फिरत्या डिस्कचा हिशोब करू, कारण बी-ट्रीचा जन्म तिथला आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर सरकवायला आणखी आठ-नऊ. एका उडीला बारा मिलिसेकंद धरा. तेवढ्या वेळात प्रोसेसर लाखो तुलना करून मोकळा होतो. म्हणजे तुलना जवळजवळ फुकट, आणि उडी मारायची तर सगळा खर्च तिचाच.

दुसरी गोष्ट म्हणजे डिस्ककडे तुम्ही ३२ बाइट मागितले तरी ती तेवढे देत नाही. डेटाबेस डिस्कशी पेजच्या भाषेत बोलतो: पोस्टग्रेसचं पेज ८ केबीचं, मायएसक्यूएलच्या इनोडीबीचं डीफॉल्ट १६ केबीचं. एक की बघायला गेलात तरी सगळं पेज उचलून आणावंच लागतं. बायनरी ट्रीचा नोड तीसेक बाइटचा. ८ केबी आणायचे, त्यातले तीस बाइट वाचायचे, आणि डावीकडे की उजवीकडे एवढंच कळून पुन्हा दुसऱ्या कुठल्यातरी पेजकडे उडी. अशा २४ उड्या म्हणजे पाव सेकंदाहून जास्त वेळ, आणि तोही एकाच नोंदीसाठी. आणलेलं पेज पूर्ण वापरायचं ठरवलं की नोड आपोआप पेजएवढा रुंद होतो. रुंद झाला की झाड बुटकं होतं.

आता वेदवतीचा एक कोटीचा आकडा. हे कोणीही घरी करून बघू शकेल:

```sql
CREATE TABLE nondi AS
  SELECT g::bigint AS id, md5(g::text) AS mahiti
  FROM generate_series(1, 10000000) g;
ALTER TABLE nondi ADD PRIMARY KEY (id);
CREATE EXTENSION pgstattuple;
SELECT tree_level, internal_pages, leaf_pages
  FROM pgstatindex('nondi_pkey');
```

```
 tree_level | internal_pages | leaf_pages
------------+----------------+------------
          2 |             98 |      27323
```

मराठीत 'पान' म्हणजे झाडाचंही आणि वहीचंही, म्हणून घोटाळा होऊ नये यासाठी ८ केबीच्या तुकड्याला मी पेज म्हणतो आणि झाडाच्या तळच्या थराला पान म्हणतो. `tree_level` २ याचा अर्थ मूळ दुसऱ्या पातळीवर, पानं शून्यावर. एकूण तीन थर. पानांचा थर २७,३२३ पेजेसचा, त्यावरचा ९७ पेजेसचा, आणि त्यावर एकटं मूळ.

हे आकडे असेच का येतात तेही पाहू. `bigint` की ८ बाइटची, तिच्यासोबत ८ बाइटचं हेडर आणि पेजच्या सुरुवातीला त्या नोंदीकडे बोट दाखवणारे ४ बाइट. मिळून २०. पेजची स्वतःची नोंद वजा केली की ८,१५२ बाइट उरतात, त्यात अशा ४०७ नोंदी मावतात. इंडेक्स बांधताना पानं ९० टक्केच भरतात, म्हणून एका पानात ३६६. एक कोटीला ३६६ ने भागून बघा. मधल्या थरातली पेजेस ७० टक्केच भरतात, म्हणून त्यांच्यात सरासरी २८२.

नीरजचा मुद्दाही यात दिसतो. ९७ × २८२ × ३६६ केलं की पुन्हा एक कोटीच येतात. तीन पेजेसमधल्या तुलना अनुक्रमे सात, आठ, नऊच्या आसपास, बेरीज चोवीस. बायनरी ट्रीचा रस्ता तोच आहे, फक्त त्याचे चोवीस टप्पे तीन मुक्कामांत बसवले आहेत.

---

वेदवती

काका, खूप आभार. स्थिरांक म्हणून मी जो झटकून टाकत होते तोच २४ भागिले ३ निघाला, आणि त्याला बारा मिलिसेकंदांनी गुणायचं आहे. कॉलेजच्या वहीत हा गुणाकार कधी आलाच नाही.

एक शंका. कॅशचं काय? बायनरी ट्रीचेही वरचे नोड सतत लागतात, तेही रॅममध्येच राहतील की. मग प्रत्यक्षात २४ उड्या पडणार नाहीत.

---

अरविंद म.

बरोबर शंका आहे. २४ विरुद्ध ३ ही तुलना बायनरी ट्रीवर थोडी अन्याय करते. दोघांना सारखीच रॅम देऊन बघू.

वरच्या इंडेक्सचं मूळ आणि मधला थर मिळून ९८ पेजेस, म्हणजे ७८४ केबी. एवढं रॅममध्ये कायम राहिलं की बी-ट्रीत डिस्कवर जायचं ते फक्त पानासाठी. एकच उडी. आता तेवढ्याच ७८४ केबीत बायनरी ट्रीचे ३२ बाइटचे नोड ठेवले तर पंचवीस हजार मावतात, म्हणजे वरच्या १४ पातळ्या. खाली दहा पातळ्या उरल्या. दहा उड्या विरुद्ध एक.

हेही बायनरी ट्रीला झुकतं माप देऊन. ते पंचवीस हजार नोड एकमेकांशेजारी बसलेले असतील असं मी धरलं आहे. प्रत्यक्षात नोड ज्या क्रमाने आले त्या क्रमाने विखुरलेले असतात. एकेका वरच्या नोडसाठी त्याचं सबंध पेज रॅममध्ये अडकून राहतं आणि त्या पेजमधले बाकीचे नोड कामाचे नसतात.

तुम्ही स्वतःही पडताळू शकता. सर्व्हर नव्याने सुरू करा, एकाच सेशनमध्ये काही हजार रँडम `id` शोधा म्हणजे वरचे थर रॅममध्ये येतील, आणि मग आधी न शोधलेला एखादा `id` घ्या:

```sql
EXPLAIN (ANALYZE, BUFFERS)
SELECT * FROM nondi WHERE id = 7654321;
```

```
Index Scan using nondi_pkey on nondi
  Index Cond: (id = 7654321)
  Buffers: shared hit=2 read=2
```

`hit=2` म्हणजे मूळ आणि मधलं पेज. `read=2` मधलं एक इंडेक्सचं पान, दुसरं टेबलातलं पेज जिथे खरी नोंद आहे. `read` म्हणजे पोस्टग्रेसच्या स्वतःच्या बफरमध्ये नव्हतं एवढंच. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून आलं असेल तर डिस्क हललेलीही नसेल.

नोंदी वाढल्या तर काय, हे कोणी विचारण्याआधी सांगतो. तीन-चार कोटींपर्यंत तीन थर पुरतात. मग चौथा येतो, आणि तो आठशे-हजार कोटींपर्यंत पुरतो.

---

मीनल

मी सार्वजनिक वाचनालयात काम करते. आमच्या वाचकांच्या यादीचा कार्यक्रम पोस्टग्रेसवर आहे. बी-ट्री म्हणजे बायनरी ट्रीच ना? आमच्याकडे आडनावावर इंडेक्स आहे, तरी 'कर'ने संपणारी आडनावं शोधली (`LIKE '%कर'`) की बराच वेळ लागतो. मग हा रुंद-बुटका प्रकार लावला तर शोध वेगवान होईल का?

---

अरविंद म.

मीनलताई, तुमच्याकडे जो इंडेक्स आहे तो बी-ट्रीच आहे. पोस्टग्रेसमध्ये `CREATE INDEX` म्हटलं आणि दुसरं काही सांगितलं नाही की बी-ट्री बनतो. 'बी'चा अर्थ बायनरी नाही. तुमची अडचण रुंदी-उंचीची नसून क्रमाची आहे. तुमच्या कार्डांच्या कपाटात कार्डं आडनावाच्या पहिल्या अक्षराने लावलेली असणार. तिथे 'कर'ने संपणारी आडनावं काढायची तर सगळे खण उघडावे लागतील. इंडेक्सचंही तेच होतं. उलट्या अक्षरक्रमाचा आणखी एक इंडेक्स केलात तर भागेल:

```sql
CREATE INDEX ON vachak (reverse(adnav) text_pattern_ops);
SELECT * FROM vachak
 WHERE reverse(adnav) LIKE reverse('कर') || '%';
```

`text_pattern_ops` विसरू नका. डेटाबेस मराठी किंवा इंग्रजी क्रमवारीवर चालू असेल तर साधा इंडेक्स `LIKE` साठी वापरला जात नाही.

---

मीनल

आभारी आहे. हे सोमवारी आमच्या मुलाकडून करून घेते.

कपाटाचं उदाहरण दिलंत म्हणून लिहिते. संगणक येण्यापूर्वी अकरा वर्षं मी ती कार्डं सांभाळली आहेत. आमच्या कपाटाला प्रत्येक खणावर 'क ते कि', 'की ते कु' अशा पट्ट्या होत्या. कार्डं चाळायला वेळ लागत नसे. वेळ जायचा तो उठून कपाटापर्यंत जाण्यात आणि खण ओढण्यात. त्यामुळे वरचं सगळं मला फार ओळखीचं वाटलं.

'कुलकर्णी'चा खण भरला की आम्ही काय करायचो सांगू? मधोमध हात घालून अर्धी कार्डं काढायची, शेजारच्या रिकाम्या खणात ठेवायची आणि दोन पट्ट्या नव्या लिहायच्या. बाकीच्या कपाटाला हात लावायचा नाही. खण कधी काठोकाठ भरायचाही नाही, कारण उद्या नवा वाचक येणारच. तुमचं झाडही असंच वाढतं का?

---

अरविंद म.

ताई, अगदी असंच. पेज भरलं की त्याची दोन पेजेस होतात आणि वरच्या पेजमध्ये एक नवी पट्टी जाते. वरचं पेजही भरलेलं असलं तर त्याचीही दोन होतात आणि पट्टी आणखी वर जाते. कधीतरी मूळच भरतं, त्याची दोन होतात, त्यांच्या डोक्यावर नवं मूळ बसतं आणि झाडाची उंची एकाने वाढते. हे झाड खाली वाढत नाही, डोक्याकडून वाढतं. म्हणून सगळी पानं कायम एकाच पातळीवर राहतात आणि एव्हीएलसारखी फिरवाफिरवी करून तोल सांभाळावा लागत नाही.

तुम्ही पट्टीवर जे लिहायचा त्याची लांबीही महत्त्वाची आहे, विशेषतः आपल्यासाठी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. 'कुलकर्णी'त काने-मात्रे धरून आठ चिन्हं, म्हणजे २४ बाइट. रोमन लिपीत तेच नाव ८ बाइटांत मावतं. की जितकी लांब तितक्या कमी कीज पेजमध्ये, तितकं झाड अरुंद. आडनावांपुरता याने फरक पडत नाही. पण मी एका ठिकाणी तक्रारीच्या संपूर्ण मजकुरावर इंडेक्स केलेला पाहिला होता. काही महिने तो चालला आणि एक दिवस लांब मजकूर आल्यावर नोंदच जाईना: `index row size ... exceeds btree version 4 maximum 2704`. ही मर्यादा पेजच्या साधारण एक तृतीयांश आहे, कारण एका पेजमध्ये निदान तीन नोंदी बसल्याच पाहिजेत. त्याहून कमी बसल्या तर फांद्या फुटणार कशा?

---

ओंकार

पेज फुटण्यावरून माझं दुखणं सांगतो. आमच्या आधीच्या कंपनीत ऑर्डरच्या टेबलाला प्रायमरी की म्हणून यूयूआयडी ठेवला होता, आवृत्ती ४ चा, पूर्ण रँडम. पहिले सहा महिने सगळं झकास. नोंदी दहा कोटींच्या जवळ गेल्या आणि नोंद घालण्याचा वेग हळूहळू इतका घसरला की संध्याकाळच्या गर्दीत रांगा लागायच्या. सर्व्हर तोच, कोड तोच. शोधायला अजूनही वेळ लागत नव्हता, घालायलाच लागत होता. आम्ही `REINDEX` करून इंडेक्स नव्याने बांधला. इंडेक्स लहान झाला, पण पुढचे दोन दिवस वेग आणखीनच खाली गेला. हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

---

अरविंद म.

ओंकार, तुमच्या टेबलाचा अंदाजे हिशोब मांडतो.

क्रमाने वाढणारा `id` असला की नवी नोंद नेहमी सगळ्यात उजव्या पानात जाते. तेच एक पान रॅममध्ये गरम असतं, भरलं की पुढचं. पोस्टग्रेस हे ओळखतो आणि उजव्या टोकाचं पान मधोमध न फोडता ९० टक्के भरलेलं मागे सोडतो. रँडम यूयूआयडीला उजवं टोक नसतं. प्रत्येक नवी नोंद कुठल्याही पानात पडू शकते, पानं मधोमध फुटतात, आणि काही काळाने सरासरी भरणा ६९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. हा आकडा गणितातून निघतो, २ चा नैसर्गिक लॉग.

यूयूआयडी १६ बाइटचा, सगळं धरून २८. ६९ टक्के भरलेल्या पानात साधारण दोनशे. दहा कोटी नोंदींना पाच लाख पानं, म्हणजे जवळपास ४ जीबी. पोस्टग्रेसला दिलेली रॅम २ जीबी असेल तर दर दुसऱ्या नोंदीला हवं ते पान बफरमध्ये नसणार. आधी ते आणायचं, जागेसाठी दुसरं बदललेलं पान डिस्कवर लिहायचं, मग आपली २८ बाइटची नोंद. इंडेक्स रॅममध्ये मावत होता तोवर यातलं काही जाणवलं नाही. तुमचे पहिले सहा महिने ते.

दुसरा घाव लॉगमध्ये बसतो, म्हणजे प्रत्येक बदल आधी जिथे नोंदवला जातो त्या फाइलमध्ये. प्रत्येक चेकपॉइंटनंतर एखाद्या पेजला पहिल्यांदा हात लागला की पोस्टग्रेस ते सबंध ८ केबीचं पेज लॉगमध्ये उतरवतो. क्रमाने नोंदी घालताना मोजक्याच पेजेसना हात लागतो. रँडममध्ये जवळजवळ प्रत्येक नोंदीला नवं पेज, म्हणून २८ बाइटसाठी ८ केबी लॉग. `pg_stat_wal` मधला `wal_fpi` हा आकडा झपाट्याने चढताना दिसतो, आणि `pgstatindex` मधलं `avg_leaf_density` सत्तरच्या आसपास. दोन्ही एकत्र दिसले की निदान पक्कं.

`REINDEX` नंतर वेग का घसरला? नव्या इंडेक्सची सगळी पानं ९० टक्के भरलेली. मीनलताईंच्या भाषेत, सगळे खण एकदम गच्च. रँडम नोंदी सगळीकडे सारख्या पडतात, त्यामुळे सगळी पानं साधारण एकाच सुमारास भरतात आणि एकाच सुमारास फुटू लागतात. फुटाफुटीची लाट ओसरेपर्यंत त्रास होतो. करायचंच असेल तर `fillfactor` ७० ठेवून करावं.

मुळावरचा उपाय म्हणजे काळाच्या क्रमाने वाढणारा यूयूआयडी. आवृत्ती ७ अशीच आहे, २०२४ च्या आरएफसी ९५६२ मध्ये आली, आणि पोस्टग्रेस १८ मध्ये `uuidv7()` आयतं मिळतं. मात्र त्यात नोंद कधी झाली ते उघड दिसतं. ग्राहकाला दिसणाऱ्या क्रमांकात ते चालेल का, हे तुम्हाला ठरवावं लागेल.

---

ओंकार

`avg_leaf_density` चा स्क्रीनशॉट माझ्या जुन्या टिपणात आहे, ७१ होता. सगळे खण एकदम गच्च, हे आता डोक्यात बसलं.

---

सौरभ

तुलनांबद्दलचं माझं चुकलं, मान्य. पण एसएसडीचा मुद्दा मी सोडत नाही. तिथे फिरणारं काही नाही, बारा मिलिसेकंद नाहीत. आणि रुंदी एवढी चांगली तर पेज १ एमबीचं का नाही करत? दोनच थरांत काम होईल.

---

अरविंद म.

एसएसडीवर एका वाचनाला साधारण १०० मायक्रोसेकंद धरा. फिरत्या डिस्कच्या शंभरपट वेगवान, पण रॅमच्या तुलनेत अजून हजारपट मंद. आणि एसएसडीही आतून पेजनेच वाचते, काही केबींच्या. त्यामुळे आकडे बदलले तरी दहा वाचनं आणि एक वाचन हा फरक तसाच राहतो.

१ एमबीचं पेज करून बघू. एका पानात सत्तेचाळीस हजार नोंदी, एक कोटीला २१३ पानं, वर मूळ. दोन थर, तुमचं बरोबर. पण आपल्या ८ केबीच्या झाडात वरचे दोन थर तसेही रॅममध्येच होते. डिस्कवरची उडी तिथेही एक, इथेही एकच. फरक एवढाच की इथे एका नोंदीसाठी १ एमबी आणायचे, आणि एक नोंद बदलली की १ एमबी लिहायचे. १ जीबी रॅममध्ये ८ केबीची एक लाख एकतीस हजार वेगवेगळी पानं राहतात, १ एमबीची फक्त १,०२४. रँडम शोधांत ती सतत आत-बाहेर होत राहतील.

---

सौरभ

एकेका नोंदीच्या शोधासाठी पटलं. पण आमचं काम अहवालांचं आहे, एका महिन्याच्या सगळ्या नोंदी सलग वाचायच्या. तिथे मोठं पेजच बरं पडेल. आणि ८ की १६ की ४, यातलं नेमकं योग्य कुठलं? एसक्यूलाइटने २०१६ मध्ये १ केबीवरून ४ केबीवर नेलं, इनोडीबी १६ वर आहे, पोस्टग्रेस ८ वर. तिघेही बरोबर कसे?

---

अरविंद म.

सलग वाचनाला मोठं पेज फायद्याचं, यात वाद नाही. ८ की १६ याचं एकच उत्तर माझ्याकडे नाही. जास्त लिहिणाऱ्या कामाला लहान पेज आणि जास्त वाचणाऱ्या कामाला मोठं, असा माझा अनुभव. पण तुमची डिस्क, तुमच्या नोंदींची लांबी आणि तुमची रॅम यावर तो उलटाही पडू शकतो. इनोडीबीत ४ ते ६४ केबीपर्यंत निवडता येतं, फक्त सुरुवातीलाच ठरवावं लागतं. मोजूनच बघा आणि इथे लिहा.

---

नीरज

मला अजून एक गोष्ट पटत नाही. बायनरी ट्री ठेवूनच त्याचे नोड हुशारीने पेजेसमध्ये बांधले तर? मुळापासूनचे आठ थर, म्हणजे २५५ नोड, एकाच पेजमध्ये. त्यांच्या खाली तसेच गठ्ठे. २४ थर, ३ पेजेस. तोच परिणाम, आणि झाड बायनरीच राहील.

---

अरविंद म.

न बदलणाऱ्या यादीला हे छान चालेल. नोंदी घालायला लागलात की पाहा काय होतं.

तोवर थोडा इतिहास. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत होते. त्यांनी बी-ट्री १९७० मध्ये मांडला, लेख १९७२ मध्ये छापून आला. त्यांनी आयबीएम ३६०/४४ आणि २३११ डिस्कवर चाचणी केली: १५,००० कीजच्या इंडेक्सवर सेकंदाला सरासरी ९ व्यवहार, एक लाख कीजवर निदान ४. 'बी' कशाचा हे दोघांनी कधी सांगितलं नाही. बोइंग, बायर, बॅलन्स्ड, ब्रॉड, लोक काहीही म्हणतात.

नीरजला आवडेल अशी गोष्ट पुढे आहे. १९७२ मध्येच बायरने बी-ट्रीचं बायनरी रूप मांडलं, आणि त्यातून १९७८ मध्ये गिबास आणि सेजविक यांनी रेड-ब्लॅक ट्री आणला. तुमचा `std::map` बी-ट्रीच्याच घरातला. लाल नोड म्हणजे काळ्या नोडसोबत एकाच रुंद नोडमध्ये राहणारी की.

---

वेदवती

हे वाचून मी कॉलेजची वही काढली. रेड-ब्लॅकचे नियम आम्ही नुसते पाठ केले होते. 'मुळापासून खालपर्यंत प्रत्येक वाटेवर काळे नोड सारखेच' म्हणजे बी-ट्रीची सगळी पानं एकाच पातळीवर! शिकवण्याचा क्रमच उलटा होता.

माझ्या ऑफिसातल्या टेबलावरही `pgstatindex` चालवलं. तीन थर आले. पण आमच्याकडे त्या एका टेबलावर अकरा इंडेक्स निघाले, आणि मुख्य `id` सोडला तर बहुतेकांची `avg_leaf_density` साठ-सत्तरच्या मध्ये. आडनाव, गाव, मोबाइल क्रमांक. हेही रँडमच झालं ना? तिथे तर आवृत्ती ७ सारखा उपाय नाही.

---

अरविंद म.

हो, रँडमच, आणि तिथे तसा उपाय नाही. आडनाव येईल त्या क्रमाने येणार. तिथे सत्तर ही निरोगी अवस्था आहे, ती वाढवायच्या मागे लागू नका. अकरा इंडेक्स मात्र तपासा. प्रत्येक नव्या नोंदीला अकरा पानांना हात लागतो. `pg_stat_user_indexes` मध्ये `idx_scan` महिनोन्महिने शून्य असेल तर तो इंडेक्स कोणासाठी आहे हे विचारा. युनिक बंधनाचा असेल तर मात्र शून्य दिसला तरी काढू नका.

---

नीरज

काका, शनिवार-रविवार बसून ते गठ्ठे बांधून पाहिले. पहिल्यांदा भरताना मस्त झालं. मग रँडम कीज घालायला सुरुवात केली. पेजमधली २५५ ची जागा भरलेली, नवा नोड खाली लटकवायचा तर त्याला स्वतःचं नवं पेज, ज्यात तो एकटाच. तोल सांभाळायला फिरवलं की एका पेजमधला नोड दुसऱ्यात जातो, त्याच्यामागे त्याची अर्धी फांदी. एका नोंदीसाठी चार-पाच पेजेस लिहिली जात होती.

म्हणून नियम केला की पेज भरलं की ते मधोमध फोडायचं आणि मधली की वरच्या पेजला द्यायची. त्याने फिरवाफिरवी थांबली. मग पेजच्या आतली डावी-उजवी बोटं नुसती जागा खात होती, कारण आत सगळं क्रमानेच होतं. ती काढून साधी क्रमवार रांग ठेवली, तशी २५५ च्या जागी चारशे कीज मावायला लागल्या.

रविवारी रात्री फाइलचं नाव बदलून `btree.cpp` केलं.